मराठी डिस ट्रॅकचे पहिले सोळा बार: पंचलाइन शेवटाकडून कशी लिहावी

डिस ट्रॅक म्हणजे एका रॅपरने दुसऱ्या रॅपरला उद्देशून केलेले, त्याची उणीदुणी काढणारे गाणे. मंचावरच्या रॅप बॅटलमध्ये दोघे समोरासमोर उभे असतात आणि बहुतेक वेळा संगीताशिवाय बोलतात. डिस ट्रॅकमध्ये मात्र बीट असते, समोरचा माणूस तिथे नसतो आणि ऐकणारा ती ओळ पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकू शकतो. म्हणूनच ओळीतला कच्चा शब्द इथे लपत नाही. या लेखात मी संपूर्ण गाणे कसे करावे हे सांगणार नाही. मराठीत पहिल्यांदा लिहिणाऱ्याला सोळा बारांचे एक कडवे कसे उभे करता येईल, आणि त्यातही दुहेरी अर्थाची पंचलाइन मराठीच्या व्याकरणात कुठे अडखळते, एवढाच माझा विषय आहे. कारण नव्या मुलांच्या वह्यांमध्ये मला सर्वांत जास्त पडझड तिथेच दिसते.

रॅपमधल्या या शब्दयुद्धाचे मूळ न्यूयॉर्कच्या मंचावर आहे. 1981 च्या डिसेंबरात हार्लेममधल्या एका क्लबात कूल मो डी या रॅपरने बिझी बी या लोकप्रिय रॅपरवर थेट शब्दांचा मारा केला. तोवर अशा स्पर्धांत कोण प्रेक्षकांना जास्त ओरडायला लावतो याला महत्त्व होते. त्या रात्रीनंतर कोण समोरच्याची शैली उलगडून तिचे दोष दाखवतो, याला आले. मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर एकमेकांना कवनांतून कोडी घालत, उत्तर न देणाऱ्याची फजिती करत, आणि कोकणात शक्ती-तुऱ्याचे सामने आजही रात्रभर रंगतात. ज्याला शक्य असेल त्याने असा एक सामना बसून ऐकावा. उत्तर देणारा शाहीर आधी समोरच्याचाच शब्द उचलतो आणि मग तो त्याच्यावर उलटवतो, हे तिथे डोळ्यांसमोर दिसते.

सुरुवात बीटपासून करावी. नवख्याने मिनिटाला सुमारे 90 ठोक्यांची बीट निवडावी. चार ठोक्यांचा एक बार, म्हणजे एका बारला पावणेतीन सेकंदांहून किंचित कमी वेळ मिळतो आणि सोळा बार साधारण 43 सेकंदांत संपतात. प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले, तर एका बारमध्ये सोळा घरे होतात. या घरांत उच्चारातली अक्षरे बसवायची असतात. लिहिलेली अक्षरे मोजायची नसतात. 'डाव' हा शब्द कागदावर दोन अक्षरांचा दिसतो, पण तोंडातून तो एकाच झटक्यात बाहेर पडतो, कारण शेवटचा अकार आपण उच्चारत नाही. 'फसतो' हे बोलताना 'फस-तो' असे दोन तुकड्यांत येते. ज्याला शाळेत वृत्तांची अक्षरे मोजायची सवय लागली आहे, त्याने ती इथे बाजूला ठेवावी आणि मांडीवर ताल धरून बोलत मोजावे.

दुसरी पायरी म्हणजे माल गोळा करणे. समोरच्याबद्दल दहा-पंधरा गोष्टी एका कागदावर लिहाव्यात आणि त्यातल्या त्याने स्वतः निवडलेल्या गोष्टी तेवढ्या ठेवाव्यात: त्याने घेतलेले टोपणनाव, मंचावरच्या सवयी, केलेल्या बढाया, उचललेल्या चाली. जात, घरची माणसे, शरीर, आजार, वर्ण या गोष्टी त्याने निवडलेल्या नसतात. त्यांच्यावर लिहिलेली ओळ कुणालाही लागू पडते, म्हणून ती कलेच्या दृष्टीनेही दुबळी असते, आणि माणूस म्हणून तर ती लिहूच नये. टोपणनाव हा सर्वांत उपजाऊ माल आहे, कारण ते प्रत्येक श्रोत्याला आधीच ठाऊक असते आणि तुम्हाला काहीही समजावून सांगावे लागत नाही.

आपण एक काल्पनिक प्रतिस्पर्धी घेऊ. त्याने स्वतःचे नाव 'तुफान' ठेवले आहे. टी-शर्टवर ते छापलेले असते, मात्र मंचावर तो प्रत्येक कडवे मोबाईलमध्ये बघून म्हणतो, आणि स्क्रीन बंद झाली की अंगठ्याने ती चाळवत मध्येच थांबतो. एवढ्या दोन गोष्टी चार बारांना पुरेशा आहेत.

आता खरे काम. नवखा लेखक पहिली ओळ आधी लिहितो, मग तिला यमक शोधतो आणि त्या यमकात सापडेल तो विनोद शेवटी बसवतो. हा क्रम उलटा करावा. आधी ज्या शब्दावर ओळ फुटणार आहे तो शब्द निवडावा, त्याला बाराच्या अगदी शेवटच्या ठोक्यावर ठेवावे आणि मग मागे मागे सरकत वरच्या तीन ओळी लिहाव्यात. 'तुफान' म्हटले की समुद्र, लाट, किनारा, होडी हे शब्द आपोआप जवळ येतात, आणि होडीला मराठीत आणखी एक शब्द आहे: नाव. नाव म्हणजे होडी आणि नाव म्हणजे लौकिक; दोन्ही बुडतात. त्यातच 'फेरी' या शब्दालाही दोन अर्थ आहेत, होडीची खेप आणि स्पर्धेतला टप्पा. पहिल्याच फेरीत नाव बुडणे, ही आपली पंचलाइन.

इथे मराठी अडवते. होडी या अर्थाची नाव स्त्रीलिंगी आहे आणि लौकिक या अर्थाचे नाव नपुंसकलिंगी आहे. 'पहिल्याच फेरीत नाव बुडाली' असे लिहिले की फक्त होडी उरते. 'नाव बुडालं' असे लिहिले की फक्त लौकिक उरतो. क्रियापदाच्या शेवटच्या मात्रेने एक दार बंद करून टाकलेले असते. इंग्रजीत ही अडचण येत नाही. केंड्रिक लमार या रॅपरच्या 4 मे 2024 रोजी आलेल्या, ड्रेक या रॅपरवरच्या 'नॉट लाइक अस' या गाण्यात 'ए मायनर' हे शब्द संगीतातल्या स्वरमेळासाठीही येतात आणि अल्पवयीन व्यक्तीसाठीही, आणि इंग्रजी व्याकरण दोन्ही अर्थांना सारखेच मोकळे सोडते. आपल्याकडे ही मोकळीक कमवावी लागते. मराठीतले हाताशी असलेले बरेचसे दुहेरी शब्द याच जातीचे आहेत: मान (सन्मान या अर्थी पुल्लिंगी, गळ्याची मागची बाजू या अर्थी स्त्रीलिंगी), हार (फुलांचा पुल्लिंगी, पराभवाची स्त्रीलिंगी), बोट (हाताचे नपुंसकलिंगी, पाण्यातली स्त्रीलिंगी). नवख्यांच्या वहीत उत्तम सुचलेला श्लेष मेलेला दिसतो, तेव्हा दहापैकी बहुतेक वेळा तो सुचण्यात मेलेला नसतो. तो लिंगाने मारलेला असतो.

यावर उपाय आहेत, आणि ते व्याकरणातच आहेत. पहिला असा की दुहेरी शब्द कर्ता करू नये, कर्म करावा, आणि क्रियापद वर्तमानकाळात, भविष्यकाळात किंवा आज्ञार्थात ठेवावे, कारण तिथे क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. 'तो नाव बुडवतो', 'तू नाव बुडवशील', 'हार घेऊन जा' या तिन्ही ठिकाणी नाव किंवा हार यांचे लिंग कुठेही उघड होत नाही. भूतकाळ मात्र टाळावा, कारण 'त्याने नाव बुडवली' आणि 'त्याने नाव बुडवलं' यांत क्रियापद कर्माकडे वळते आणि गुपित फोडते. दुसरा उपाय असा की शब्दाच्या आधी विकारी विशेषण किंवा षष्ठी आणू नये. 'स्वतःचं नाव' आणि 'स्वतःची नाव' हे वेगळे ऐकू येतात. 'माझा हार' आणि 'माझी हार' हेही तसेच. विशेषण हवेच असेल तर न बदलणारे घ्यावे. तिसरी गोष्ट प्रत्ययांची: 'नावात' म्हटले की लौकिक आणि 'नावेत' म्हटले की होडी, म्हणून शब्द मूळ रूपातच ठेवावा. यानंतर क्रियापद दोन्ही अर्थांना शोभते का, तेही पाहावे. 'हार घालतो' हे फुलांच्या हाराला शोभते, पराभवाला नाही. 'हार पत्करतो' याचे उलट. 'सत्काराला आलास ना, मग हार घेऊन जा' यात 'घेऊन जाणे' दोघांनाही चालते, म्हणून ओळ दोन पायांवर उभी राहते.

यमकाचेही असेच आहे. मराठी वाक्य क्रियापदावर संपते आणि त्यामुळे 'येतो, जातो, खातो, गातो' अशी यमके फुकट मिळतात. ती व्याकरणाने दिलेली असतात, लेखकाने शोधलेली नसतात, आणि लागोपाठ चार बार अशी आली की श्रोत्याचा कान झोपतो. सुदैवाने मराठीत शब्दांचा क्रम लवचीक आहे. क्रियापद एक घर अलीकडे सरकवावे आणि शेवटी नाम आणावे: 'नाव बुडवतो' ऐवजी 'बुडवतो नाव'. यात दोन फायदे होतात. पंचाचा शब्द आपोआप बाराच्या टोकाला जातो आणि फुकटचा '-तो' वाया न जाता यमकाचा पहिला अर्धा भाग होतो. आता यमक फक्त 'आव'चे राहत नाही. '-तो नाव'चे, म्हणजे दोन अक्षरांचे होते. त्याच्या जोडीला फसतो डाव, शोधतो ठाव, विचारतो भाव हे सहज सापडतात. चारही बारांत एकच यमक ठेवायचे, की दोन-दोन ओळींच्या जोड्या करायच्या, हा प्रश्न नवखे नेहमी विचारतात. माझे मत असे की ज्या चौकडीच्या शेवटी मोठा पंच आहे तिथे चारही ओळींना एकच यमक द्यावे, कारण तिसऱ्या ओळीपर्यंत श्रोत्याचा कान पुढच्या आवाजाची वाट पाहू लागतो. आणि जिथे दोन छोटे टोले आहेत तिथे जोड्या कराव्यात.

या सगळ्यातून आलेला पहिला मसुदा असा:

छातीवर लिहितो 'तुफान', फोन विझला की फसतो डाव,
काळ्या स्क्रीनवर बोट फिरवून ओळीचा शोधतो ठाव,
किनाऱ्यावर कोरडा उभा, लाटांचा विचारतो भाव,
पहिल्याच फेरीत बघा, हा कसा बुडवतो नाव!

दुसऱ्या ओळीतले 'बोट' मुद्दाम आणलेले आहे. ऐकताना ते हाताचेच बोट वाटते, कारण फोनवर बोट फिरवणे रोजचे आहे. चौथ्या ओळीत नाव बुडाली की तेच बोट मागे वळून पाण्यातले होते. 'बोट फिरवून' या रूपात लिंग कळत नाही, म्हणूनच हे जमते. 'ठाव' सुद्धा दोन्हीकडे चालतो, ओळीचा पत्ता आणि पाण्याची खोली. चांगल्या पंचाआधीच्या ओळींनी हेच काम करावे. त्यांनी स्वतः हसवू नये, पण पुढच्या शब्दाला लागणारे सगळे सामान बिनबोभाट खोलीत आणून ठेवावे. पहिल्या तीन ओळींतच 'होडी' किंवा 'बुडणे' असा शब्द आला असता, तर श्रोता आधीच मुक्कामाला पोहोचला असता आणि शेवटची ओळ शिळी झाली असती.

तरीही हा मसुदा म्हणता येत नाही. तालावर मोजले तर ओळी अनुक्रमे 15, 13, 15 आणि 14 उच्चारांच्या भरतात. घरे सोळाच आहेत. पंधरा भरली तर श्वास घ्यायला जागा राहत नाही, आणि तिसऱ्या ओळीत 'विचारतो' हा शब्द गिळला जातो. रेकॉर्डिंगमध्ये हा दोष ओळखायची खूण अशी की ओळीच्या शेवटच्या शब्दाचा आवाज पहिल्या शब्दापेक्षा बारीक येतो. तुमचा शेवटचा शब्द तर पंच आहे. तोच बारीक आला तर बाकी सगळे व्यर्थ जाते. म्हणून छाटणी करायची, आणि ती नेहमी जोडणारे शब्द, सर्वनामे, सहायक क्रिया यांच्यापासून सुरू करायची. 'लिहितो' गेले तरी छातीवर 'तुफान' आहेच, 'उभा' गेले तरी किनाऱ्यावर कोरडा कळतो, 'हा' ची गरजच नाही:

छातीवर 'तुफान', फोन विझला की फसतो डाव,
काळ्या स्क्रीनवर बोट फिरवून ओळीचा शोधतो ठाव,
किनाऱ्यावर कोरडा, लाटांचा विचारतो भाव,
पहिल्याच फेरीत बघा, कसा बुडवतो... नाव!

आता 12, 13, 13 आणि 13 उच्चार आहेत. चौथ्या ओळीत उरलेल्या तीन घरांपैकी दोन 'नाव'च्या आधी रिकामी सोडावीत. ही स्तब्धता फार महत्त्वाची आहे: 'बुडवतो' ऐकल्यावर श्रोता स्वतःच शब्द शोधू लागतो, आणि तुम्ही तो देता तेव्हा त्याला तो अर्धा आपला वाटतो. त्यानंतरच्या पाचव्या बारचा पहिला ठोका मोकळा सोडावा किंवा तिथे बिनमहत्त्वाचा शब्द ठेवावा, कारण दुहेरी अर्थ उलगडायला ऐकणाऱ्याला क्षणभर लागतो, आणि त्या क्षणात बोललेली ओळ कुणीही ऐकत नाही.

उरलेले बारा बार याच पद्धतीने तीन चौकड्यांत लिहावेत. सर्वांत जोरदार चौकडी शेवटी आणि दुसऱ्या क्रमांकाची सुरुवातीला ठेवावी, हा जुना आणि बरोबर नियम आहे. मधल्या आठांपैकी एका चौकडीत तरी तुमच्यावर काय बोलले जाईल ते तुम्हीच आधी बोलून टाकावे. समजा तुम्ही बार्शीचे आहात आणि तो तुमच्या बोलीला गावठी म्हणणार हे उघड आहे. मग त्याच शब्दाची किंमत वाढवून ठेवावी:

गावठी म्हणतोस मला? बाजारात विचार दर,
ब्रॉयलर घे स्वस्तात, गावठीला दुप्पट भर.

बाजारात गावठी कोंबडी ब्रॉयलरपेक्षा महाग असते हे प्रत्येक घराला माहीत आहे, त्यामुळे युक्तिवाद करावा लागत नाही. आणि 'गावठी' हे विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नसल्याने माणूस आणि कोंबडी दोघांनाही एकाच रूपात बसते. इथे श्लेष न झगडता मिळाला. उत्तरात तो पुन्हा 'गावठी' म्हणाला, तर तो तुमचीच ओळ श्रोत्यांना आठवून देत असतो.

ओळी तयार झाल्या की त्यांची परीक्षा घ्यावी. बीट बंद करून, ज्याला प्रतिस्पर्धी ठाऊक नाही अशा एखाद्या मित्राला कडवे एकदाच ऐकवावे आणि त्याला काय लागले ते विचारावे. त्याने 'तुफान', 'फोन' आणि 'नाव' हे तीन शब्द परत सांगितले तर चौकडी उभी आहे. त्याने 'यमक छान आहे' एवढेच म्हटले, तर पंच पोहोचलेला नाही. त्याला दुसरा अर्थ समजावून सांगावा लागला, तर त्याला दोष देऊ नये. बहुतेक वेळा वरच्या तीन ओळींत दुसऱ्या अर्थाचे सामान कमी पडलेले असते, आणि पंच न बदलता दुसरी ओळ बदलली की काम होते. आमच्या सरावात एका मुलाने 'मान'वर लिहिलेली ओळ तीन आठवडे कुणाला कळत नव्हती. मूळ ओळ 'मला मान मिळाला, तुझी खाली गेली' अशी होती. तिच्यात दोन्ही अर्थ दोन वेगळ्या लिंगांत विखुरले होते. ती 'मान मागायला आलास, आता मान झुकवून जा' अशी झाली, तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी एकदम आवाज केला. इथे त्याने शब्द दोनदा वापरला, प्रत्येक वेळी एकेका अर्थाने, आणि दोन्हीकडे लिंग दिसू दिले नाही. एकाच 'मान'मध्ये दोन्ही अर्थ कोंबण्याचा हट्ट सोडणे हाही एक मार्ग असतो.

एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. टिंगल आणि आरोप वेगळे आहेत. फोन बघून म्हणतो, नाव बुडवतो, हे मत आहे आणि श्रोता ते मत म्हणूनच घेतो. अमुक माणसाने अमुक गुन्हा केला असे ठाम सांगणे हे वस्तुस्थितीचे विधान होते. ड्रेकने 'नॉट लाइक अस'वरून स्वतःच्याच रेकॉर्ड कंपनीवर भरलेला बदनामीचा दावा 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने फेटाळला, कारण अशा शब्दयुद्धात ऐकणारा त्या ओळी पडताळलेली माहिती म्हणून घेत नाही असे न्यायालयाला वाटले. पण तो निकाल तिथल्या कायद्यानुसार आहे. आपल्याकडे बदनामी हा फौजदारी गुन्हाही आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली, आणि गाण्याची बीट त्यातून सूट देत नाही. म्हणून सिद्ध करता येणार नाही असा आरोप कडव्यात आला असेल तर ती ओळ काढावी, आणि तिच्या जागी समोरच्याने मंचावर, सर्वांदेखत केलेली एखादी गोष्ट आणावी. ती बहुधा जास्तच लागते, कारण प्रेक्षकांतले निम्मे त्या वेळी तिथे हजर असतात.

शेवटी रेकॉर्डिंग. सोळा बार न अडखळता सलग म्हणता येईपर्यंत कागद खाली ठेवू नये, आणि म्हणता आले की तो पुन्हा हातात घेऊ नये. पहिल्या तीन टेकमध्ये पंचाचे शब्द मुद्दाम जोरात म्हटले जातात. चौथ्या-पाचव्या टेकमध्ये आवाज खाली येतो आणि साध्या बोलण्यासारखा होतो, आणि बहुतेक वेळा तोच टेक ठेवण्याजोगा असतो. 'कसा बुडवतो' नंतरची ती दोन रिकामी घरे टेकमध्ये खरोखर रिकामी राहिली आहेत का, श्वासाचा आवाज त्यांत शिरला नाही ना, एवढे हेडफोन लावून एकदा नीट ऐकावे आणि मग फाईल पाठवावी.